एक पट्टी, चार माणसं: मल्टिव्हिटॅमिन कुणाला लागते, कुणाला नाही

सोलापूरची यंदाची गड्डा यात्रा उरकल्यावर आठवडाभरात टॉवेलच्या कारखान्यात काम करणारे एक नेहमीचे गिऱ्हाईक माझ्या मेडिकलमध्ये आले. "मालक, ती ताकदीची गोळी द्या की, घरातल्या चौघांना. महिन्याचं एकदमच बांधा." चौघं म्हणजे ते स्वतः, वय ४४. बायको ३८ ची. आई ६७ ची, दहा वर्षांपासून शुगर. आणि लग्न होऊन सहा महिने झालेली, माहेरपणाला आलेली धाकटी बहीण.

गोळी ८ रुपयांची. रोज एक घेतली तर माणशी वर्षाला २,९२० रुपये, चौघांचे ११,६८०. दुकानदार म्हणून पट्ट्या मोजून देणं मला सोपं होतं. पण दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती, म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं आणि पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. त्यात वीसेक नावं होती, पण बहुतेकांचं प्रमाण चिमूटभर. प्रत्येक माणसापुढे तीन वाटा होत्या: काहीच न घेणं, ही सगळ्यांची मिळून एक गोळी घेणं, किंवा ज्याचा तुटवडा आहे तेवढंच पुऱ्या मात्रेत घेणं.

आधी ते स्वतः

माणूस धडधाकट. भाकरी, डाळ, शेंगाचटणी, दही रोजचं. अंडी आठवड्यातून दोन-तीनदा, रविवारी मटण. तक्रार एकच, थकवा. रात्रपाळीनंतर चार तास झोप मिळते म्हटल्यावर थकव्याचं कारण पट्टीत शोधायची गरज नव्हती.

अशा माणसावर या गोळीची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ५० वर्षांवरच्या १४,६४१ पुरुष डॉक्टरांपैकी निम्म्यांना रोज मल्टिव्हिटॅमिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन सुमारे अकरा वर्षं पाहिलं गेलं. हार्ट अटॅक, लकवा, हृदयरोगाने मृत्यू, यांत फरक पडला नाही. कॅन्सर किंचित कमी दिसला: वर्षाला दर हजारी १८ च्या जागी १७. पुढे २०२४ मध्ये सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी अमेरिकनांची वीस वर्षांहून अधिक काळाची माहिती तपासली गेली, तेव्हा रोज गोळी घेणारे जास्त जगले असं आढळलं नाही. साठीपुढच्या लोकांत स्मरणशक्तीला थोडा फायदा दिसल्याचे अलीकडचे प्रयोग आहेत, तेवढं मान्य करायला हवं. पण ४४ वर्षांच्या, सगळं खाणाऱ्या माणसाने त्यासाठी वर्षाला तीन हजार घालावेत असं मी म्हणणार नाही.

"पण घेतली की लघवी पिवळीधमक होते, म्हणजे अंगात मुरतीय की," ते म्हणाले. उलट आहे. ते शरीराने न ठेवलेलं बी-२ बाहेर पडतंय.

नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत दख्खनमध्ये एकेकाळी पेलाग्रा व्हायचा, म्हणजे नायसिनच्या कमतरतेचा आजार. उन्हाला उघडी पडणारी कातडी काळी पडून सोलायची. त्या ताटाला जीवनसत्त्वाची गोळी खरोखर औषध ठरली असती. आज ज्या घरात भाकरीसोबत शेंगदाणे, डाळ आणि दूध आहे, तिथे तो प्रश्न उरत नाही.

एक मात्र त्यांना बजावून सांगितलं, कारण खिशात विडीबंडल दिसत होतं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. त्यांतल्या काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा-कॅरोटिन, म्हणजे शरीरात ज्याचं व्हिटॅमिन ए बनतं ते अँटिऑक्सिडंट, दिलं होतं. त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. साध्या पट्टीत ते इतकं नसतं, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्याने "अँटिऑक्सिडंट" लिहिलेली भारी गोळी वाचल्याशिवाय घेऊ नये.

बायको

पाळीत रक्त जास्त जातं, जिना चढताना धाप लागते, मागच्या शिबिरात हिमोग्लोबिन ९.८ निघालं होतं. इथे तुटवडा खरा आहे, पण मल्टिव्हिटॅमिन तो भरून काढत नाही. या पट्टीत लोह जेमतेम १० मिलीग्रॅम, उपचाराला त्याच्या कितीतरी पट लागतं. गरोदरपणात केवळ प्रतिबंधासाठी सरकारी लाल गोळी देतात, तिच्यातही ६० मिलीग्रॅम असतं. लेबलवर फेरस फ्युमरेट २०० मिलीग्रॅम असेल, तर प्रत्यक्ष लोह सुमारे ६५, हेही बघायचं असतं. जेवणानंतर लगेच चहा प्यायला तर त्यातलंही बरंचसं वाया जातं. तिला म्हटलं, डॉक्टरांना दाखवा, रक्त का जातंय ते आधी कळू द्या.

धाकटी बहीण

तिला पुढच्या काही महिन्यांत मूल हवं होतं. चौघांत एक ठरावीक गोळी आजच सुरू करावी अशी ही एकटीच. बाळाचा पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून घडतो ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत काम जवळपास झालेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिड आधी किमान महिनाभर, रोज ४०० मायक्रोग्रॅम. गोंधळ असा की आपल्याकडे सहज मिळते ती फॉलिक ॲसिडची गोळी ५ मिलीग्रॅमची, म्हणजे बारापटीहून जास्त. ती मात्रा आधीच्या बाळात असा दोष होता, किंवा फिट्सची औषधं चालू आहेत, अशांसाठी डॉक्टर लिहून देतात.

आणि ती शाकाहारी घरात दिलेली होती. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. बी-१२ कमी आणि फॉलेट भरपूर अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून फॉलिक ॲसिड सुरू करतानाच बी-१२ एकदा तपासून घे, असं तिला सांगितलं.

आणि आई

खरी गोष्ट इथे आहे. आई मागेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "पायाला मुंग्या येत्यात बघा, तळवा कापसागत वाटतोय. चप्पल निसटली तरी कळत नाही. शुगरचंच असंल." घरात सगळ्यांनी तेच धरलं होतं. शिवाय वर्षभर त्या हीच ताकदीची गोळी घेत होत्या, म्हणून जीवनसत्त्वाचा संशय कुणालाच आला नाही.

पिशवीतली चिठ्ठी पाहिली. मेटफॉर्मिन, दिवसाला २ ग्रॅम, दहा वर्षं. त्यात माळकरी, अंडंही नाही. दोन्ही गोष्टी बी-१२ च्या विरोधात जातात. बी-१२ प्राण्यांपासून आलेल्या अन्नातच असतं, शाकाहारी माणसाला दूध-दही हाच आधार. वर मेटफॉर्मिन आतड्यातलं त्याचं शोषण कमी करतं. मात्रा मोठी आणि वर्षं जास्त, तितका धोका जास्त.

मग पट्टीतलं बी-१२ कमी का पडलं? त्यात होतं १ मायक्रोग्रॅम, आणि गरज रोजची दोन-अडीच. पोटातून बी-१२ उचलणारी जी यंत्रणा आहे, ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमपर्यंतच उचलते. त्यापुढचं फार तर शेकडा एक आत जातं. म्हणूनच बी-१२ ची स्वतंत्र गोळी १,००० किंवा १,५०० मायक्रोग्रॅमची असते. हजारातले दहा जरी आत गेले तरी भागतं. लेबलवरचा हा प्रचंड आकडा छपाईची चूक नाही.

त्यातही वाईट म्हणजे त्याच पट्टीत फॉलिक ॲसिड होतं. बी-१२ कमी पडलं की रक्त कमी होतं आणि लाल पेशी मोठ्या होतात. डॉक्टरांना संशय येतो तो त्यावरून. फॉलिक ॲसिड रक्ताची ही खूण झाकू शकतं, आणि नसांची झीज मात्र आत चालूच राहते.

मी डॉक्टर नाही. त्यांना एवढंच म्हटलं की मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, पण बी-१२ बघून घ्या, आणि रक्त देईपर्यंत नवी गोळी सुरू करू नका, नाहीतर आकडा फसवा येईल. रिपोर्ट आला १४०. लॅबची खालची मर्यादा २०० होती. हिमोग्लोबिन ११.४, फार वाईट नाही. नुसतं तेवढंच बघितलं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. डॉक्टरांनी आधी इंजेक्शनांचा कोर्स दिला, मग कायमची मोठ्या मात्रेची गोळी. महिन्याभरात थकवा उतरला. मुंग्या कमी व्हायला चार महिने लागले, आणि डाव्या अंगठ्याची बधिरता अजून आहे. नसांचं नुकसान फार काळ चाललं असेल तर सगळं परत येत नाही.

हीच गत वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांची, वजनासाठी पोटाचं ऑपरेशन झालेल्यांची आणि भूक मंदावलेल्या वयस्करांची. ऑपरेशन झालेल्यांना मल्टिव्हिटॅमिनही आयुष्यभर लागते. कमी खाणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती देण्यात अर्थ आहे, फक्त ती बी-१२ च्या उपचाराची जागा घेत नाही.

ज्याला तरीही घ्यायचीच आहे त्याने थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवावं, कारण लोह आणि कॅल्शियम तिचं शोषण अडवतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात व्हिटॅमिन के असू शकतं. केसांसाठीच्या बायोटिनच्या मोठ्या गोळ्या थायरॉइडची तपासणी चुकवतात. रक्त देण्याआधी दोन दिवस त्या बंद ठेवायला डॉक्टर सांगतात.

पहिल्या दिवशीचं बिल झालं ते बहिणीच्या फॉलिक ॲसिडचं तेवढं. बाकी दोघींना डॉक्टरकडे पाठवलं. गिऱ्हाईक दाराशी जाऊन परत फिरले. "मालक, माझ्यासाठी एक पट्टी तरी द्या. सवय झाली हो." दिली. पंधरा गोळ्या, १२० रुपये.