डाउन सिंड्रोमचे दोन कॅरिओटाइप, ४७ वाला आणि ४६ वाला: फोटोत काय बघायचं आणि आईबाबांची टेस्ट कधी करायची

बाळाला डाउन सिंड्रोम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, रिपोर्टबरोबर क्रोमोसोमचा काळा-पांढरा फोटो, म्हणजे कॅरिओटाइप, मिळाला, आणि आता प्रश्न असा की पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी आईबाबांनी स्वतःचं रक्त तपासायला द्यायचं का नाही. याचं उत्तर त्या फोटोतच असतं, पण ते फक्त आकडा मोजून मिळत नाही. मी बरीच वर्षं सायटोजेनेटिक्सच्या लॅबमध्ये हे फोटो बघतेय, म्हणून दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवून सांगते.

आधी एक गोष्ट. रिपोर्टमध्ये फोटो दोन प्रकारचे असतात. एक मेटाफेजचा, म्हणजे एकच पेशी फुटून तिचे क्रोमोसोम काचेवर जसे पडलेत तसेच, विखुरलेले, एकमेकांवर चढलेले. दुसरा कॅरिओग्राम, म्हणजे तेच क्रोमोसोम कापून जोड्या लावून १ ते २२ आणि शेवटी एक्स वाय असे ओळीत मांडलेले. लोक दुसराच बघतात कारण तो नीटनेटका दिसतो, पण मोजायचं पहिल्यावरच, कारण दुसऱ्यात माणसाने आधीच ठरवलेलं असतं की कोण कुठे बसणार. छापलेल्या फोटोवर पेन्सिलीने प्रत्येकावर बारीक टिंब देत मोजा, आणि जिथे दोन एकमेकांवर आडवे पडलेत तिथे थांबून टोकं मोजा, दोन क्रोमोसोमची मिळून चार टोकं दिसली पाहिजेत.

नेहमी पेशीत ४६ क्रोमोसोम असतात, म्हणजे २३ जोड्या, आणि डाउन सिंड्रोममध्ये २१ नंबरचं क्रोमोसोम दोनऐवजी तिनदा असतं. आता पहिला प्रकार, फ्री ट्रायसोमी, म्हणजे तिसरं २१ सुटंच. डाउन सिंड्रोमच्या साधारण ९५ टक्के मुलांमध्ये हाच असतो. मुलगी असेल तर रिपोर्टवर असं लिहिलेलं असतं:

```
47,XX,+21
```

मेटाफेजमध्ये मोजलं की ४७ भरतात. कॅरिओग्राममध्ये शेवटच्या ओळीत २१ च्या जागी तीन छोटे छोटे क्रोमोसोम उभे दिसतात. क्रोमोसोमवर एक आवळलेली जागा असते, तिला सेंट्रोमिअर म्हणतात, तिच्या वरचा भाग तो वरचा हात आणि खालचा तो खालचा हात. २१ आणि २२ दोघेही लहान आणि दोघांचाही वरचा हात अगदी टिंबाएवढा, त्यामुळे नवीन माणूस इथे गोंधळतो, पण रंग दिल्यावर दिसणारे गडद-फिकट आडवे पट्टे बघितले की कळतं. २१ च्या खालच्या हातावर सेंट्रोमिअरच्या जवळच एक जाड गडद पट्टा असतो, २२ एकंदरीत फिकट असतो. (गंमत म्हणजे २१ हा २२ पेक्षाही लहान आहे, नंबर पडले तेव्हा उलटं झालं आणि तेच राहिलं.)

दुसरा प्रकार ट्रान्सलोकेशनचा, म्हणजे तिसरं २१ दुसऱ्या क्रोमोसोमला चिकटलेलं, तीन-चार टक्के मुलांमध्ये. इथे रिपोर्ट असा येतो:

```
46,XX,der(14;21)(q10;q10),+21
```

यातलं der(14;21) म्हणजे १४ आणि २१ चिकटून झालेला एक क्रोमोसोम. आणि इथेच लोक फसतात, कारण मोजलं तर ४६ भरतात. कॅरिओग्राम बघितला तर २३ जोड्या पूर्ण, २१ च्या जागी दोनच. माझ्या ओळखीच्या एका जोडप्याला त्यांच्या मुलीचा असाच फोटो बघून कुणीतरी सांगितलं की छेचाळीस आहेत म्हणजे क्रोमोसोम नॉर्मल आहेत, आणि त्या बाईने पुढचे सात-आठ महिने त्या वाक्यावर काढले. मला त्याचा अजूनही राग येतो, कारण रिपोर्टमध्ये शेवटी प्लस एकवीस छापलेलं होतं आणि फोटोतही ते दिसत होतं, फक्त १४ च्या जागी बघायला हवं होतं.

तिथे काय होतं ते नीट सांगते. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांचा सेंट्रोमिअर अगदी वरच्या टोकाशी असतो, म्हणून मेटाफेजमध्ये ते चिमट्यासारखे दिसतात, वर टिंब आणि खाली दोन पाय. यांना ॲक्रोसेंट्रिक म्हणतात. यातल्या दोघांचे वरचे टिंबाएवढे हात गळून खालचे लांब हात एकमेकांना सेंट्रोमिअरपाशी जोडले जातात, याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात, आणि १४ ला २१ चिकटणं ही डाउन सिंड्रोममध्ये सगळ्यात जास्त दिसणारी जोडी. गळून गेलेल्या त्या छोट्या हातांनी काही बिघडत नाही, कारण त्यांच्यावरचे कामाचे जीन बाकीच्या ॲक्रोसेंट्रिकवरही असतात. तर त्या मुलीच्या फोटोत १४ च्या घरात डावीकडे नेहमीचा चिमटा, आणि उजवीकडे ज्याला वर एक आखूड पण स्पष्ट हात आहे असा क्रोमोसोम. खालच्या लांब हातावर १४ चे पट्टे, म्हणजे खालच्या भागात तो ठळक वेगळा उठून दिसणारा पट्टा, आणि वरच्या आखूड हातावर सेंट्रोमिअरला लागून तोच जाड गडद पट्टा जो २१ वर असतो. म्हणजे तिसरं २१ तिथे आहे. दोन आपल्या जागी आणि एक १४ च्या डोक्यावर.

पट्टे वाचता येत नसतील किंवा फोटो धुरकट असेल तर एक सोपी मोजणी आहे, मी नवीन मुलांना हीच आधी शिकवते. मेटाफेजमध्ये फक्त चिमटे मोजायचे, मोठे वेगळे आणि छोटे वेगळे. नॉर्मल मुलीत मोठे ६ आणि छोटे ४, एकूण १०. फ्री ट्रायसोमीच्या मुलीत मोठे ६ आणि छोटे ५, एकूण ११. आणि १४-२१ च्या ट्रान्सलोकेशनवाल्या मुलीत मोठे ५, छोटे ४, एकूण ९, आणि मधल्या आकाराच्या घोळक्यात एक जास्तीचा. एकूण आकडा ४६ असून चिमटे नऊच भरले की समजायचं कुठेतरी दोन चिकटलेत. मुलगा असेल तर छोट्यांमध्ये वाय पण येतो, तो दिसायला तसाच, म्हणून एक वाढवून धरायचा.

यात एक चूक फार होते. ॲक्रोसेंट्रिकचे वरचे टिंब पेशीतही एकमेकांजवळच असतात, त्यामुळे काचेवर पडताना दोन चिमटे डोक्याला डोकं लावून पडतात आणि हुबेहूब ट्रान्सलोकेशनसारखे दिसतात. ओळखायचं असं की त्यांच्यामध्ये बारीक फट असते, ते किंचित वाकडे असतात, आणि मुख्य म्हणजे पुढच्या पेशीत ते सुटे दिसतात. खरं ट्रान्सलोकेशन प्रत्येक पेशीत तसंच असतं. म्हणून एका फोटोवर निकाल द्यायचा नाही, साधारण २० पेशी मोजतात. एखाद्याच पेशीत ४५ भरले तर बहुतेक वेळा काच बनवताना एक क्रोमोसोम बाहेर उडालेला असतो. पण काही पेशी ४६ आणि काही ४७, दोन्हीकडे बऱ्याच, असं असेल तर ते मोझेक, आणि मग जास्त पेशी मोजाव्या लागतात.

आता निर्णयाकडे. फ्री ट्रायसोमी असेल तर तिसरं २१ बहुतेक वेळा बीजांड बनताना जोडी न सुटल्यामुळे आलेलं असतं, आईबाबांचे क्रोमोसोम नेहमीचेच असतात, त्यामुळे त्यांचा कॅरिओटाइप करून सहसा नवीन काही कळत नाही. आई तरुण असेल तर पुढच्या वेळची शक्यता १ टक्क्याच्या आसपास धरतात, वय जास्त असेल तर वयाप्रमाणे वाढते. ट्रान्सलोकेशन असेल तर मात्र दोघांचाही कॅरिओटाइप करायचाच, माझं मत यात अजिबात डळमळीत नाहीये. कारण काही वेळा ते बाळातच नव्याने झालेलं असतं, पण काही वेळा आई किंवा बाबा वाहक असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, कारण त्यांच्याकडे २१ चा माल दोनच, फक्त एक चिकटलेला. त्यांचे एकूण ४५ भरतात, आणि बाईच्या मेटाफेजमध्ये चिमटे आठच. आई १४-२१ ची वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के, बाबा वाहक असतील तर खूप कमी, दोन-तीन टक्क्यांच्या आतच. आणि कुणा एकाचे दोन्ही २१ एकमेकांनाच चिकटलेले असतील तर जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाला डाउन सिंड्रोम, कारण २१ एक तर दुहेरी जाणार नाहीतर जाणारच नाही. मुलीच्या फोटोत १४-२१ आहे का २१-२१ आहे हे बघणं म्हणूनच एवढं महत्त्वाचं.

बरेच जण विचारतात की क्यूएफ-पीसीआर किंवा फिशचा रिपोर्ट दोन दिवसांत आला, तीन २१ आहेत हे कळलं, मग कॅरिओटाइपसाठी कशाला थांबायचं. लवकर उत्तर हवं तर त्या टेस्ट चांगल्याच आहेत. मायक्रोॲरेसुद्धा बारीक तुकडे जास्त असले-नसले तर कॅरिओटाइपपेक्षा बरंच चांगलं पकडते. पण या टेस्ट माल किती आहे ते सांगतात, तो कुठे चिकटलाय ते साधारणपणे सांगत नाहीत, आणि मायक्रोॲरेमध्ये तर वाहक आई पूर्ण नॉर्मल येते. म्हणून या एका प्रश्नासाठी जुना जी-बँडिंगचा, म्हणजे रंग देऊन पट्टे पाडलेला, कॅरिओटाइपच हवा. त्यालाही मर्यादा आहे, दोन क्रोमोसोमनी पाच-दहा मेगाबेस, म्हणजे डीएनएच्या पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकड्यांची अदलाबदल केली असेल तर ती या फोटोत दिसत नाही. रक्त देताना हेपरिनच्या, म्हणजे हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये द्या, ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये पेशी नीट वाढत नाहीत आणि मग परत बोलावतात.

त्या जोडप्याचं पुढे असं झालं. दोघांचं रक्त दिलं, बाबांचं ४६ नॉर्मल, आईचं असं आलं:

```
45,XX,der(14;21)(q10;q10)
```

मी तिला स्क्रीनवर तिचाच फोटो दाखवला, १४ च्या घरातला तो वरचा छोटा हात बोटाने दाखवला आणि खाली २१ च्या जागी एकटाच उभा असलेला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, ताई, म्हणजे माझ्या वयामुळे नाही ना झालं हे. ती तेव्हा २६ ची होती आणि सासरी तिला काय काय ऐकवलं गेलं होतं ते तिने तेव्हा सांगितलं. दोन वर्षांनी दुसऱ्या वेळी ११ आठवड्यांनंतर वारेचा नमुना घेऊन कॅरिओटाइप केला, बाळाचे ४५, आईसारखेच, चिकटलेले पण हिशोबाला बरोबर. त्या मुलाला मोठेपणी हे सांगावं लागणार, म्हणून तिने रिपोर्टची झेरॉक्स त्याच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये लावून ठेवलीये. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तीही येऊन रक्त देऊन गेली. तिचे चिमटे मी स्वतः मोजले, सहा आणि चार.