पार्टीला किती उधार द्यायचं: मर्यादा ठरवायच्या तीन रीती आणि माल सोडण्याआधीची तपासणी

लोहार चाळीत ऑफिस, भिवंडीला गोदाम आणि वायर, स्विच, एमसीबीचा घाऊक धंदा. माल आज सुटतो, पैसे महिना-दीड महिन्याने येतात. अशा धंद्यात प्रत्येक पार्टीची उधारीची मर्यादा असतेच, फक्त ती बऱ्याचदा शेठच्या डोक्यात असते आणि शेठ गावी गेले की कोणालाच ठाऊक नसते. ती आकड्यात आणायची तर तीन रीती चालतात. एकच पार्टी घेऊन तिन्ही लावून बघू, म्हणजे फरक डोळ्यांपुढे येतो.

समजा, पार्टी म्हणजे डोंबिवलीतलं एक इलेक्ट्रिकलचं दुकान. काउंटरपेक्षा कंत्राटदारांना विक्री जास्त. तुमच्याकडून महिन्याला जीएसटीसकट ४ लाखांचा माल उचलतं. ठरलेली मुदत ३० दिवसांची, पण पैसे प्रत्यक्षात येतात ४८ दिवसांनी. तुमचं स्वतःचं भांडवल ४० लाख आणि मार्जिन जीएसटी सोडून विक्रीवर ८ टक्के.

| रीत | या पार्टीची मर्यादा | कुठे फसते |
|---|---|---|
| खरेदीवरून | सुमारे ५ लाख | पार्टी जास्त माल उचलेल तशी मर्यादाही फुगते |
| पार्टीच्या भांडवलावरून | १ लाख ८० हजार | आकडे जुने, आणि तेच भांडवल सगळे पुरवठादार मोजतात |
| आपल्या सोसण्यावरून | ४ लाख | पार्टी चांगली की वाईट हे कळत नाही |

खरेदीवरून

हिशेब सोपा. महिन्याला ४ लाख म्हणजे दिवसाला १३,३३३ रुपये. ३० दिवसांची मुदत आणि वर ७ दिवसांची सवलत धरून ३७ दिवस. गुणाकार ४ लाख ९३ हजार, म्हणजे ५ लाख धरा. पार्टीला धंदा करायला खरोखर किती उधारी लागते ते या आकड्यावरून कळतं, आणि हीच या रीतीची खरी किंमत आहे.

चूक होते ती दिवस धरताना. सेल्समन सांगतो, "ही पार्टी ४८ दिवसांनीच देते, ५ लाखांत तिचं भागणार नाही." मग ३७ ऐवजी ४८ दिवस धरले जातात आणि मर्यादा ६ लाख ४० हजारांवर जाते. म्हणजे उशिरा पैसे देण्याबद्दल पार्टीला बक्षीस मिळालं. गुणाकारात नेहमी ठरलेली मुदतच धरा. प्रत्यक्षातले दिवस कामाचे आहेत, पण ते पुढे तपासणीच्या वेळी.

नव्या पार्टीला ही रीत लावता येत नाही, कारण मागची खरेदीच नसते. तिथे पहिली दोन-तीन बिलं रोखीने घेऊन मग एका साधारण ऑर्डरएवढी मर्यादा देणं बरं. एक जुनी चाल लक्षात ठेवा: पहिली तीन छोटी बिलं मुदतीच्या आधीच चुकती होतात आणि चौथी ऑर्डर एकदम पाचपट येते. आधीच्या बिलांमुळे मन निर्धास्त झालेलं असतं, म्हणून ती ऑर्डर सुटते.

पार्टीच्या भांडवलावरून

पार्टीचा ताळेबंद मागायचा आणि मालकाच्या भांडवलाच्या १० टक्क्यांपर्यंत उधार द्यायचं, असा एक ढोबळ नियम वापरतात. डोंबिवलीच्या दुकानाच्या ताळेबंदात भांडवल १८ लाख आहे, म्हणून मर्यादा १ लाख ८० हजार. मोठ्या कंपनीला हा नियम शोभतो. मालकीच्या दुकानाला लावताना अडचण अशी की ताळेबंद ३१ मार्चचा असतो आणि ऑडिट होऊन हातात येईपर्यंत बहुधा दिवाळी आलेली असते. १८ लाखांत कधी राहता फ्लॅटही धरलेला असतो. शिवाय हेच दुकान आणखी पाच जणांकडून माल घेत असेल, तर तेच १८ लाख सहाही जण आपापल्या मर्यादेसाठी मोजत असतात.

त्यामुळे या आकड्यावरून मर्यादा ठरवण्यापेक्षा ती नाकारायला तो जास्त उपयोगी पडतो. भांडवल उणे असेल किंवा देणी अचानक दुप्पट झाली असतील, तर बाकी दोन रीती काहीही सांगोत, हात आखडता घ्या.

ताळेबंदापेक्षा ताजी खूण फुकट मिळते. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता `Search Taxpayer` मध्ये पार्टीचा जीएसटी नंबर टाकला की नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न भरले आहेत का ते दिसतं. दर महिन्याला जीएसटीआर-३बी भरणाऱ्याची तारीख पुढच्या महिन्याची २०. दोन महिने कोरे दिसले तर पैशाची ओढ सुरू झाल्याची शंका घ्यायला जागा आहे. मात्र ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेला व्यापारी तिमाही रिटर्नचा पर्याय घेऊ शकतो, आणि महाराष्ट्रात त्याची तारीख तिमाहीनंतरची २२. तो पर्याय घेतलाय का हे न बघता पार्टीवर शिक्का मारू नका.

त्याच नंबरातलं ३ ते १२ हे अक्षर-अंक म्हणजे पॅन. मालकाची दोन नावांची दुकानं असली तरी पॅन एकच दिसतो. अशा वेळी दोन्ही खात्यांची मिळून एकच मर्यादा ठेवायची, नाहीतर एकीकडे थांबवलेला माल दुसऱ्या नावाने सुटतो. भावाच्या नावावरची फर्म असेल तर पॅन वेगळा असतो. तिथे पत्ता आणि पैसे कोणत्या खात्यातून येतात ते बघावं लागतं.

आपल्या सोसण्यावरून

इथे पार्टीचा विचारच करायचा नाही. ही बाकी पूर्ण बुडाली तर आपलं काय होईल, एवढंच विचारायचं. ५ लाखांचं बिल म्हणजे १८ टक्के जीएसटी वजा जाता ४ लाख २४ हजारांचा माल. ८ टक्के मार्जिन सोडलं तर त्याची खरेदी ३ लाख ९० हजारांची. त्यात ७६ हजारांचा कर मिळवा, कारण तो तुम्ही मागच्या पुरवठादाराकडे आणि सरकारकडे मिळून भरून बसलेला असता आणि उधारी बुडाली म्हणून परत मिळत नाही. खिशातून गेले ४ लाख ६६ हजार. ८ टक्क्यांनी ते भरून काढायला सुमारे ५८ लाखांची विक्री लागते, म्हणजे अशाच एका पार्टीची तब्बल १७ महिन्यांची खरेदी. तीही बाकी सगळा खर्च शून्य धरून!

म्हणून एका पार्टीत आपल्या भांडवलाच्या १० टक्क्यांवर अडकायचं नाही अशी रेघ ओढली, तर ४० लाखांवर ती ४ लाखांची होते. टक्का तुमच्या छातीप्रमाणे ८ किंवा १२ ठेवा, पण पार्टी बघून बदलू नका.

कायदा वसूल करून देईल या भरवशावर ही रेघ पुढे सरकवणारेही असतात. एमएसएमई कायद्यातली ४५ दिवसांची तरतूद आणि चक्रवाढ व्याज यांचा आधार उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती फक्त बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती. 'उद्यम' सर्टिफिकेट भिंतीवर लावून घाऊक व्यापाऱ्याचे पैसे लवकर येत नाहीत.

मग कोणती?

जुन्या पार्टीला पहिली आणि तिसरी लावून त्यातला कमी आकडा घ्या, दुसरी नकारासाठी राखून ठेवा. डोंबिवलीच्या दुकानाची मर्यादा ४ लाख. दिवसाला १३,३३३ च्या हिशेबाने ४ लाखांत बरोबर ३० दिवसांचा माल बसतो. पार्टी मुदतीत पैसे देत राहिली तर तिला ही मर्यादा कधीच टोचणार नाही. ४८ दिवस लावले तर आपोआप अडेल, आणि अडायलाच हवी.

तपासणी: तिमाहीला की दर ऑर्डरला?

तीन महिन्यांनी सगळ्या पार्ट्यांची यादी काढून मर्यादा वरखाली करणं कमी कष्टाचं आहे, आणि रक्कम बदलण्यासाठी तेवढं पुरतं. पण तीन महिन्यांत ही पार्टी १२ लाखांचा माल उचलते. माल सोडायचा की नाही हे ठरवायला तिमाही तपासणी फार उशिराची. ते दर ऑर्डरलाच बघायला हवं, आणि टेम्पो भरायच्या आधी. पार्टीने थेट गोदामाच्या माणसाला व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकली, माल चलनावर निघाला आणि बिल दुसऱ्या दिवशी बनलं, तर टॅलीत मर्यादा घालून ठेवल्याचा काही उपयोग नाही. सॉफ्टवेअर इशारा देईल तेव्हा माल कल्याण-शीळ रस्त्यावर असेल.

आता तपासणी कशी फसते ते बघा. त्याच दुकानाची ८५ हजारांची ऑर्डर आली. खात्यावर बाकी २ लाख ९० हजार. बेरीज ३ लाख ७५ हजार, मर्यादेच्या आत. सोडायची?

खातं नीट उघडलं तर दिसतं की काल १ लाख २० हजारांचा चेक जमा दाखवलाय, पण तो अजून पास झालेला नाही. ६० हजारांचा माल चलनावर गेलाय, त्याचं बिल व्हायचंय. खरं अडकलेलं धरलं तर २.९० अधिक १.२० अधिक ०.६० अधिक ०.८५, म्हणजे ५ लाख ५५ हजार. मर्यादेच्या दीड लाख वर. पुढच्या तारखेचे चेक घेऊन ठेवले असतील तर तेही वजा करू नका. तो कागद पैसा होईपर्यंत उधारीच आहे.

दुसरं कुलूप दिवसांचं. सगळ्यात जुनं न भरलेलं बिल ३७ दिवसांच्या वर गेलेलं असेल, तर रकमेत जागा असली तरी माल थांबतो. या खात्यात ७० हजारांचं एक बिल ५२ दिवसांचं आहे. ते दिसतं कारण प्रत्येक पावती बिलाला जोडलेली आहे. आलेले पैसे नुसते खात्यावर जमा करत गेलात, किंवा आपल्या मनाने जुन्यात जुन्या बिलाला लावत गेलात, तर पार्टीने कोणतं बिल मुद्दाम वगळलं हे कधीच कळत नाही.

वगळलेल्या बिलामागे बहुधा वाद असतो, म्हणून फोन करताना "पैसे कधी?" याच्या आधी "त्या बिलात काय अडलंय?" हे विचारा. समजा दोन कॉइल खराब निघाल्या, ६ हजारांचा माल, आणि त्यासाठी ७० हजार अडकून पडलेत. क्रेडिट नोट काढून द्या, उरलेले ६४ हजार एनईएफटीने मागा. ते आले आणि चेक पास झाला की आकडा ३ लाख ६५ हजारांवर येतो, तोही नव्या ऑर्डरसकट. माल सोडायला हरकत नाही. वाद काहीच नसेल आणि तरीही बिल हलत नसेल, तर पूर्ण ऑर्डर रोखा, आणि हे सेल्समनने नव्हे, ऑफिसातून सांगा. ज्याचं कमिशन विक्रीवर ठरतं, त्याच्या तोंडून नकार नीट निघत नाही.

दिवाळीच्या आधी हीच पार्टी दीडपट माल मागते, आणि ती मागणी खरी असते. तेव्हा मर्यादा कायमची ६ लाख करू नका, कारण एकदा वाढवलेली मर्यादा खाली आणताना पार्टी दुखावते. ४ लाख तशीच ठेवून वर २ लाखांची तात्पुरती वाढ द्या, तिची संपायची तारीख त्याच दिवशी खात्यात लिहा आणि पार्टीला मेसेजने कळवा. त्या तारखेला बाकी ४ लाखांच्या आत आली नसेल, तर पुढची गाडी निघत नाही.