नमस्कार की हाय? थोडं माझ्या बाजूने

थोरांना नमस्कार आणि मित्रांना हाय, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. घोळ होतो तो मधल्या माणसांपाशी. सोसायटीत नव्याने राहायला आलेलं जोडपं, वयाने मोठा पण हुद्द्याने खालचा सहकारी, मैत्रिणीचा मोठा भाऊ. मी बरीच वर्षं सरसकट हाय म्हणत होतो. आता बहुतेक ठिकाणी नमस्कारावर आलो आहे, त्यामुळे हा आढावा अगदी निःपक्षपाती नाही.

हायची बाजू आधी घेतो, कारण ती खरीच भक्कम आहे. आजकाल ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. तिथे रोज सकाळी लिफ्टपाशी कुणी हात जोडायला लागला, तर लोकांना वाटेल हा निवडणुकीला उभा राहतोय. हायला हातही मोकळे लागत नाहीत. एका हातात हेल्मेट, दुसऱ्यात डबा असला तरी काम भागतं. (तशा अवस्थेत नमस्कार करायचाच असेल, तर मान किंचित झुकवून तोंडाने म्हणावा, तेवढा चालतो.) आणि व्हिडिओ कॉलवर परदेशातली नातवंडं ‘हाय आजी!’ म्हणतात तेव्हा आजीचा चेहरा पाहा. तिथे नमस्काराचा आग्रह धरणारा मी तरी नाही.

माझी गाडी अडली ती हायनंतरच्या दुसऱ्या वाक्यावर. ‘हाय’ म्हटलं की पाठोपाठ ‘कसा आहेस?’ किंवा ‘कसे आहात?’ यातलं एक निवडावं लागतं, तेही लगेच. हायच्या ओघात तोंडातून ‘तू’ सहज निघून जातं. मग कळतं की समोरचे गृहस्थ आपल्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत, किंवा त्यांना ते रुचलेलं नाही. आता ‘तू’वरून ‘तुम्ही’वर चढायचं कसं? चढलात तर काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. शेवटी माणूस कर्ताच गाळून बोलायला लागतो: ‘मग, जेवण वगैरे झालं का?’ ‘येणं कधी झालं?’ असली वाक्यं जुळवण्यात माझी निम्मी भेट संपायची.

नमस्कारानंतर ‘तुम्ही’ आपसूक येतं, आणि तिथून खाली उतरणं सोपं असतं. ‘अहो, अरे-तुरे करा की’ असं समोरचाच म्हणतो, आणि त्याने म्हटलं की मोकळेपणाही त्याच्याकडून आलेला असतो.

लग्नाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. दारातच ऑफिसातला सहकारी भेटतो, शेजारी त्याची आई, मागे त्याचे साहेब. तुम्ही सहकाऱ्याला हाय करून हात हलवता, तेवढ्यात आईंकडे लक्ष जातं. हलवलेला हात तसाच खाली आणून जोडायचा, मग साहेबांसाठी पुन्हा वेगळा विचार. त्याऐवजी आधी आईंकडे बघून नमस्कार केलात, तर त्याच नमस्कारात साहेबही येतात, आणि सहकाऱ्याच्या पाठीवर थाप मारायला तुम्ही मोकळे. सुरुवात सर्वांत वडीलधाऱ्या माणसापासून करायची, एवढंच सांभाळावं.

घरातल्या थोरांच्या बाबतीत तुलना फारशी उरत नाही. दसऱ्याला आपट्याची पानं देताना किंवा दिवाळीत वाकूनच नमस्कार होतो, आणि उत्तरादाखल नमस्कार नव्हे तर आशीर्वाद मिळतो. फक्त आजोबा आडवे झाले असतील तर थांबावं. झोपलेल्या माणसाला नमस्कार करत नाहीत, हे जुन्या घरांतून अजून पाळतात. एरवी रोजच्या येण्याजाण्यात ‘काका, बरे आहात ना?’ पुरतं.

नमस्कारालाही मर्यादा आहेत. समोरून ‘राम राम’, ‘जय भीम’ किंवा ‘रामकृष्ण हरी’ आलं, तर परतफेड त्याच शब्दांत करावी. तिथे कोरडा नमस्कार जरा अंतर ठेवल्यासारखा वाटू शकतो. फोनचा तर आणखी वेगळा मामला: 2022 च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणायला सांगितलं होतं. खाजगीतल्या आपल्यासारख्यांना निदान निवड आहे. अनोळखी माणसाला पहिला मेसेज करताना मी ‘नमस्कार’ लिहून त्याच दमात नाव आणि काम सांगतो. नुसतं ‘हाय’ पाठवून गप्प बसणाऱ्यांना काय उत्तर द्यावं, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता जवळचे मित्र. इथे माझा उमेदवार सपशेल पडतो, पण हायही जिंकत नाही. शाळेपासूनच्या मित्राला हाय म्हटलं की तो मागे वळून बघतो, दुसरं कुणी आलंय का म्हणून. आमच्यात ‘काय रे’, ‘बोल’ किंवा थेट एखादी शिवी चालते. नमस्कार फक्त उसने पैसे बुडवून बऱ्याच महिन्यांनी उगवलेल्यासाठी राखीव: ‘नमस्कार साहेब, या, बसा.’ तो लगेच खिशात हात घालतो.