मीटिंग रूम अडवून ठेवणाऱ्याला सांगायचं कसं: समोरासमोर, ग्रुपवर, मॅनेजरकडून की सेटिंग बदलून?

ऑफिसात आठ जणांची एकच धड रूम, ती रोज सकाळी दहा ते साडेअकरा कोणाच्या तरी नावावर अडकलेली, आणि काचेतून डोकावलं तर आत दिवे बंद. तुमचा क्लायंट कॉल मात्र पॅन्ट्रीत, मागे कॉफी मशीनची घरघर. बोलायचं तर आहे पण "एवढ्याशा रूमवरून किरकिर करतो" असा शिक्काही नकोय. हिंजवडी असो, ऐरोली असो, कुठल्याही ऑफिसात हे चालतंच. बोलायचे रस्ते चार: त्या माणसाशी थेट, टीमच्या ग्रुपवर, मॅनेजर किंवा अॅडमिनकडून, नाहीतर बुकिंगचे नियमच बदलून. माझं मत आधीच सांगते, रस्ता आपल्याला राग किती आलाय त्यावर नाही, रूम कशामुळे अडतेय त्यावर ठरवायचा.

आणि त्याच्याही आधी एक काम, बुकिंग कोणाचं आहे ते शोधा. सोपं वाटतं पण बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. आउटलुकमध्ये रूमचं कॅलेंडर उघडलं की बऱ्याच ऑफिसात फक्त `Busy` दिसतं, नाव नाही की विषय नाही, कारण रूमच्या कॅलेंडरची मूळ परवानगीच तेवढी असते, वेळ भरलेली की मोकळी एवढंच दाखवायचं. मग नाव माहीत नाही म्हणून माणूस ग्रुपवर विचारतो, "दहाची रूम कोणी बुक केलीये??" आणि तिथूनच सूर बिघडतो, कारण ती दोन प्रश्नचिन्हं वाचून सगळ्यांनाच वाटतं आपल्यावर आलंय. अॅडमिनला किंवा आयटीला एवढंच सांगा की रूमच्या कॅलेंडरवर बुक करणाऱ्याचं नाव दिसू दे. त्यांच्याकडे ते एका ओळीचं काम आहे:

```
Set-MailboxFolderPermission -Identity "room8@example.com:\Calendar" -User Default -AccessRights LimitedDetails
```

रूमलाही स्वतःचा मेलबॉक्स असतो, तो मीटिंगचा विषय पुसून त्या जागी बुक करणाऱ्याचं नाव टाकतो, मुद्दाम कोणी बदललं नसेल तर, त्यामुळे गुप्त विषय कोणाला दिसेल ही भीती नाही. ही मागणी कोणाला खटकतही नाही कारण ती कोणाविरुद्ध नाहीये.

आता नाव कळलं असं धरू. समजा दुसऱ्या टीमच्या लीडने कुठल्यातरी रिलीजसाठी रोजची सिरीज टाकली होती, रिलीज होऊन गेली, लोक आपापल्या डेस्कवरून टीम्सवर जोडले जायला लागले, आणि सिरीजची शेवटची तारीख कित्येक महिने पुढची असल्याने रूम रोज आपोआप अडकत राहिली. रिकाम्या रूमची बरीच प्रकरणं अशीच निघतात, त्या माणसाला बिचाऱ्याला माहीतही नसतं की त्याने रूम धरून ठेवलीये. इथे थेट बोलणं हा सगळ्यात चांगला रस्ता, आणि समोर जाऊन बोलण्यापेक्षा एकट्याला मेसेज बरा, कारण त्याला कॅलेंडर उघडून बघायला वेळ मिळतो आणि चारचौघांत ओशाळं व्हावं लागत नाही. मेसेज साधारण असा:

"अरे, आठवाली रूम रोज १० ते ११:३० तुझ्या नावावर दिसतेय. मंगळवारी आणि गुरुवारी रिकामी होती, आमचा क्लायंट कॉल तेव्हाच असतो. ती सिरीज अजून लागतेय का? नसेल तर मीटिंग राहू दे, फक्त रूम काढशील का?"

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. त्याला मीटिंग रद्द करायची नाहीये, फक्त लोकेशनमधून रूम काढून अपडेट पाठवायचं आहे, आणि ते आपणच सांगितलं की समोरच्याचं काम हलकं होतं आणि तो लगेच करून टाकतो. शिवाय दोन ठरावीक दिवस सांगितलेत, "नेहमी रिकामी असते" असं नाही. "नेहमी" म्हटलं की समोरचा लगेच "परवा तर आम्ही बसलो होतो" म्हणून दाखवतो आणि गोष्ट रूमवरून खरंखोटं करण्यावर जाते. किरकिरा सूर येतो तो अशा मोघम शब्दांमधून. रूम छोटी गोष्ट आहे की मोठी याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. "काही लोकांना जरा भान नसतं" किंवा "तुमच्यामुळे आम्ही पॅन्ट्रीत बसतो" हे कितीही हसत म्हटलं तरी टोचतं, तेच आपला कॉल कधी आहे आणि काय पाहिजे एवढं सांगितलं तर त्याला मागणी म्हणतात.

समोरचा वयाने किंवा पदाने मोठा असेल तर शब्द बदलतात, मागणी तीच राहते. "सर, मंगळवारचा आमचा कॉल १० वाजता असतो, त्या दिवशी तुमची रूम लागणार नसेल तर आम्ही घेऊ का?" म्हणजे सिरीज काढा असं न म्हणता एक दिवस मागायचा. एकदा दिली की पुढच्या आठवड्यात तेच स्वतः म्हणतात, घ्या, आम्हाला नकोय.

ग्रुपवर टाकणं लोकांना सुरक्षित वाटतं कारण कोणाचं नाव घ्यावं लागत नाही, पण माणूस एकच असेल तर मला हा चौघांतला सगळ्यात वाईट रस्ता वाटतो. ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला कळत नाही की हे आपल्यालाच आहे, ज्यांचा संबंध नाही ते मनाला लावून घेतात, आणि ज्यांना कळतं ते त्या माणसाकडे बघून हसतात. पाचसहा थम्सअप येतात, रूम तशीच अडलेली. ग्रुप उपयोगी पडतो तो सगळेच थोडंथोडं करत असतील तेव्हा, म्हणजे वेळ संपल्यावर पाचदहा मिनिटं बसून राहणं वगैरे. तेव्हाही तक्रार नको, प्रस्ताव टाका: "बॅक टू बॅक बुकिंगमुळे सगळ्यांचेच कॉल उशिरा सुरू होतायत, आपण एक तासाऐवजी ५० मिनिटांचं बुकिंग करायचं का?" यावर लोक बोलतात, कारण स्वतःचाही फायदा दिसतो. आउटलुकच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये मीटिंग आपोआप थोडी लवकर संपवायची सोय आहेच, तीही सोबत सांगून टाका.

मॅनेजरकडे जाण्याबद्दल मत दोन तऱ्हेचं आहे. आपल्या मॅनेजरने त्यांच्या मॅनेजरला सांगायचं, तिथून ते खाली यायचं, यात रूमचा विषय दोन टीमच्या संबंधांचा विषय होतो आणि त्या लीडच्या मनात पहिलं येतं ते "मला एकदा विचारायचं होतं ना". थेट दोनदा सांगून झालंय आणि काहीच हललं नाही, तेव्हाच तिकडे जा, आणि तेव्हाही त्याला आधी कळवून जा. अॅडमिन किंवा फॅसिलिटीवाल्यांकडे जाणं मात्र वेगळं, ते त्यांचं रोजचं काम आहे. एका प्रसंगात तर दुसरा रस्ताच नाही, ज्याने सिरीज टाकली तो कंपनी सोडून गेलाय. माणूस गेला तरी त्याची बुकिंग रूमच्या कॅलेंडरवर तशीच बसून राहू शकतात, विचारायला कोणीच नाही. त्याचा मेलबॉक्स अजून जिवंत असेल तर आयटीवाले त्याच्या पुढच्या सगळ्या मीटिंग एकदम रद्द करू शकतात, मेलबॉक्स उडवला असेल तर रूमचं कॅलेंडर उघडून तिथूनच ती सिरीज काढावी लागते. तुम्ही फक्त रूमचं नाव, वार, वेळ आणि बुकिंगवर दिसणारं नाव असं एका मेलमध्ये द्या. यात कोणी दुखावत नाही आणि काम होतं.

चौथा रस्ता नियम बदलायचा. ऐकायला सगळ्यात न्याय्य वाटतो म्हणून लोक पटकन तिकडे वळतात, तर त्याच्या मर्यादा नीट बघा. कोणी काही बदललं नसेल तर एक्स्चेंजमधली, म्हणजे आउटलुकच्या मागच्या मेल सर्व्हरवरची रूम एका वेळी २४ तासांपर्यंत आणि १८० दिवस पुढपर्यंत बुक होऊ शकते. हे कमी करता येतं:

```
Set-CalendarProcessing -Identity "room8@example.com" -MaximumDurationInMinutes 90 -BookingWindowInDays 30
```

याने एका वेळी दीड तास आणि फक्त महिनाभर पुढचं बुकिंग, आणि महिन्याच्या पुढे जाणारी सिरीज रूम स्वतःच नाकारते. विसरलेल्या सिरीजवर याच्याइतका पक्का उपाय दुसरा नाही. पण ज्यांची रोजची मीटिंग खरंच त्या रूममध्ये होते त्यांना दर महिन्याला पुन्हा बुक करावं लागणार, एचआरला तीन तास सलग इंटरव्ह्यू घ्यायचे असतील तर रूम नाही म्हणणार, आणि आधीपासून बसलेली बुकिंग या बदलाने हटत नाहीत, ती हातानेच काढावी लागतात. शिवाय आत कोणी बसलंय की नाही हे कॅलेंडरला कळत नाही. दाराबाहेर चेक-इनचा पॅनेल असेल आणि तो तसा सेट केला असेल तर कोणी आलं नाही म्हणून बुकिंग सुटतं, पण पॅनेल सगळीकडे नसतात. म्हणून एका माणसाच्या एका सिरीजसाठी अख्ख्या ऑफिसचा नियम बदलू नका. तीनचार टीमच्या अशा सिरीज निघाल्या तरच प्रस्ताव द्या, आणि एचआरला आधी विचारून द्या, नाहीतर पहिला विरोध तिथूनच येईल.

राहिला तो प्रकार ज्यात बुकिंगच नसतं, कोणीतरी एकटाच लॅपटॉप घेऊन आठ जणांच्या रूममध्ये कॉलवर बसलेला. सेटिंगचा इथे काही उपयोग नाही, ग्रुपचाही नाही. तुमचं बुकिंग असेल तर दार अर्धं उघडून "दहाचं आमचं बुकिंग आहे, दोन मिनिटांत आत येऊ का?" एवढं बस, माफी मागत बसायची गरज नाही आणि घड्याळ दाखवायचीही नाही. तुमचं बुकिंग नसेल, नुसतं एकट्याने एवढी मोठी रूम वापरणं खटकत असेल, तर काही म्हणू नका. कदाचित त्याला दुसरीकडे बोलायला शांत जागाच नसेल, आणि तसे दोघंतिघं दिसायला लागले तर अॅडमिनकडे कॉलसाठी एक छोटी केबिन मागा, तेव्हा त्या लोकांनाही सोबत घ्या, त्यांनाही तीच हवी असते.

थेट मेसेज केल्यावर उत्तर "हो बघतो" असं आलं आणि आठवडाभर काहीच झालं नाही, तर दुसऱ्यांदा विचारताना पहिल्या मेसेजची आठवण करून देऊ नका. नवीन तारीख घ्या, "उद्या गुरुवार, १० ला आमचा कॉल आहे, उद्यापुरती रूम सोडशील का?" बहुतेकदा उद्यापुरती म्हणून सोडायला तो कॅलेंडर उघडतो आणि तिथेच ती जुनी सिरीज त्याच्या डोळ्यासमोर येते.