अॅप उडवलं, तरी सही-शिक्का उरलाच

दिवाळीनंतर एका जुन्या गिऱ्हाइकाला उधारीची आठवण करायला फोन केला. प्लायवुडचे ४६,५०० रुपये यायचे होते. तो म्हणाला, "शेठ, पैसे कधीच दिले. तुमच्या दुकानातला पोरगा घेऊन गेला, सही-शिक्क्याची पावतीपण आहे." त्याने पाठवलेल्या पीडीएफवर सही माझी, शिक्का दुकानाचा. ती पावती मी दिलीच नव्हती.

काउंटरवरचा मोबाइल आम्ही सगळेच वापरायचो: मी, मुनीमजी आणि दोन पोरं. कोटेशन पटकन जावं म्हणून सही करायच्या अॅपमध्ये माझी सही आणि शिक्क्याचा फोटो सेव्ह करून ठेवला होता. कागद उघडायचा, सहीवर बोट ठेवायचं, झालं. ओटीपी नाही, पासवर्ड नाही. काम सोडून गेलेल्या पोराला हे सगळं पाठ होतं.

चोरी उघड झाली ती शिक्क्यामुळे. फोटो काढताना शाई नीट लागली नव्हती, 'प्लायवुड'मधला 'ड' अर्धाच उमटला होता. हाताने मारलेला शिक्का दर वेळी थोडा वेगळा उमटतो. इथे पावतीवरही तोच अर्धा 'ड', माझ्या जुन्या कोटेशनांवरही तोच.

रागारागात मी अॅपच उडवलं. आठवड्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तशीच पावती! अॅप पुन्हा टाकून लॉगिन केलं, तर सही आणि शिक्का यादीत जागच्या जागी. अॅप काढल्याने फक्त त्या मोबाइलवरचं गेलं होतं. सही होती खात्यात, आणि पोराने त्याच ई-मेलने स्वतःच्या मोबाइलवर लॉगिन केलेलं.

मग नेट चालू ठेवून आधी यादीतली सही आणि शिक्का एकेक करून डिलीट केले. ब्राउझरमधून खात्यात जाऊन तिथूनही गेले का ते पाहिलं. पासवर्ड बदलला, बाकी सगळ्या मोबाइलवरून साइन आउट केलं. शिक्क्याचा मूळ फोटो गॅलरीत होता तो काढला, पण गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस राहतो, म्हणून ट्रॅशही रिकामा केला. व्हॉट्सअॅपवर मीच एकदा मुनीमजींना तो पाठवला होता (हे आठवायला दोन दिवस लागले), तो दोघांच्याही चॅटमधून काढला. अॅप मात्र सगळ्यात शेवटी उडवलं.

एवढं करूनही गिऱ्हाइकांकडे गेलेल्या पीडीएफ परत येत नाहीत, आणि त्यातून सही-शिक्का कापून घेणं अवघड नाही. म्हणून पोलिसात तक्रार दिली, चौकोनी शिक्का कात्रीने कापून टाकला आणि गोल बनवून घेतला. प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून सांगितलं: चौकोनी शिक्क्याची पावती दिसली की पैसे देऊ नका, आधी मला विचारा. नव्या शिक्क्याचा फोटो कुणीही काढलेला नाही. तो गल्ल्यात असतो आणि किल्ली माझ्या खिशात.