ठरलेलं आणि नुसतं बोललेलं: ट्रान्सक्रिप्टवर चार खुणांची पद्धत, काही महिन्यांच्या वापरानंतर

कल्पना सुचवण्यासाठी भरलेल्या मीटिंगचं ट्रान्सक्रिप्ट वाचताना सगळ्यात जास्त फसवतात ती होकाराची वाक्यं. 'हो', 'चालेल', 'करू', 'भारी आहे' हे शब्द पानोपानी सापडतात आणि घाईत टिपणं काढणारा त्यातले निम्मे 'निर्णय' म्हणून लिहून टाकतो. पुढच्या आठवड्यात कुणीतरी न ठरलेलं काम करून आणतं. हे टाळण्यासाठी साध्या स्प्रेडशीटवर चालणारी चार खुणांची पद्धत आम्ही काही महिने वापरतो आहोत. तिचा हा अनुभव.

खुणा अशा: 'ठ' म्हणजे ठरलं, 'अ' म्हणजे अटीवर ठरलं, 'क' म्हणजे फक्त कल्पना, 'उ' म्हणजे उघडा प्रश्न. प्रत्येक ओळीत वेळ, बोलणारी व्यक्ती, तिचं वाक्य जसंच्या तसं, खूण आणि खुणेचं कारण एवढे पाच रकाने. वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायचं नाही, हा नियम सुरुवातीला जाचक वाटतो. पण 'करता येईल' चं 'करायचं ठरलं' होतं ते नेमकं सारांश लिहितानाच.

'ठ' देण्यासाठी तीन गोष्टी लागतात. प्रस्ताव स्पष्ट शब्दांत सापडला पाहिजे. ज्याच्या हातात तो विषय आहे, त्या माणसाचा होकार सापडला पाहिजे. आणि त्यानंतर मीटिंग संपेपर्यंत तो विषय पुन्हा उघडलेला नसला पाहिजे. तिसरी अट सर्वाधिक विसरली जाते. म्हणून ट्रान्सक्रिप्ट वरून खाली एकदाच वाचून खुणा करू नयेत. आधी विषयांची यादी काढावी, मग प्रत्येक विषयाचा शेवटचा उल्लेख शोधून तिथून मागे यावं. असं केलं की विसाव्या मिनिटाला ठरलेलं आणि पन्नासाव्या मिनिटाला मोडलेलं काहीही यादीत शिरत नाही.

एक नमुना घेऊ. ॲपच्या नोंदणी फॉर्मवर चर्चा चालू आहे आणि फॉर्मबद्दलचा अंतिम शब्द मॅनेजरचा आहे.

१२:४० डिझायनर: फोन नंबर ऐच्छिक करूया का?
१२:४६ डेव्हलपर: हो, करता येईल.
१२:५० सपोर्ट: हं, हं.
१३:०५ मॅनेजर: चालेल, पण मग ओटीपीचं काय?
१३:२० डेव्हलपर: ई-मेलवर पाठवता येईल.
३१:१० मॅनेजर: मग ओटीपी ई-मेलवरच पाठवू.
३१:१४ डेव्हलपर: ठीक आहे, शुक्रवारपर्यंत करतो.
४४:०२ सपोर्ट: ज्या जुन्या लोकांचा फक्त फोन नंबर आपल्याकडे आहे, त्यांचं?
४४:१० मॅनेजर: अरे हो. ते बघावं लागेल.

वरवर वाचलं तर पहिल्या चार ओळींतच निर्णय झाल्यासारखा दिसतो. तसा तो झालेला नाही. डेव्हलपरचं 'हो' हे शक्यतेबद्दलचं उत्तर आहे. काम जमेल एवढंच तो सांगतो, करावं की नाही यावर त्याने मत दिलेलं नाही. सपोर्टचं 'हं, हं' म्हणजे ऐकत असल्याची पावती. मॅनेजरच्या 'चालेल' नंतर 'पण' आहे, म्हणजे तो होकार एका प्रश्नावर टांगलेला आहे. म्हणून १३:२० पर्यंत या विषयाला 'क' च.

३१:१० ला चित्र बदलतं. हातात विषय असलेल्या माणसाने ठाम वाक्य उच्चारलं आणि लगेच कुणीतरी काम व मुदत अंगावर घेतली. ओटीपी ई-मेलवर पाठवण्याला इथे 'ठ' द्यावासा वाटतो, पण ४४:०२ ला सपोर्टने तो विषय पुन्हा उघडला आहे. मात्र सगळाच निर्णय मोडला असं समजणंही चूक. प्रश्न फक्त जुन्या वापरकर्त्यांचा आहे. म्हणून ओळ फोडायची: नव्या नोंदणीसाठी 'ठ', जुन्या खात्यांसाठी 'उ'.

आणि फोन नंबर ऐच्छिक करणं? ते शेवटपर्यंत कुणीही थेट मंजूर केलेलं नाही. ओटीपी ई-मेलवर जाणार म्हणजे फोन नंबर ऐच्छिक झालाच, हा तर्क वाचणाऱ्याचा आहे. इथे आम्ही 'क' कायम ठेवतो आणि कारणाच्या रकान्यात 'अध्याहृत, विचारायचं' लिहितो. या पद्धतीचा खरा उपयोग अशाच ओळींमध्ये दिसतो, कारण साध्या टिपणांत तो तर्क बेमालूमपणे निर्णय होऊन बसतो.

क्रियापदांकडे नीट पाहिल्यावर काम वेगाने होतं. 'केलं तर सर्व्हर वाढवावा लागेल' हे कल्पनेतलं गणित आहे. 'सर्व्हर वाढवावा लागणार, कोण बघतंय?' हे बहुधा ठरल्यानंतरचं बोलणं. 'मी बघतो' म्हणजे तपासायची तयारी, निर्णय नव्हे. 'करायचं' हा शब्द सगळ्यात घातक: बोलताना सुरावरून प्रश्न की निर्धार ते कळतं, पण ट्रान्सक्रिप्टमध्ये प्रश्नचिन्ह पडेलच याची खात्री नसते. अशा ओळीला रेकॉर्डिंगमध्ये मागेपुढे पंधराएक सेकंद ऐकण्यावाचून इलाज नाही. सगळं रेकॉर्डिंग ऐकायची गरज पडत नाही. फक्त शंकेच्या ओळी.

नकारालाही खूण लागते. 'ते नको, पुढच्या वर्षी बघू' असं हातात विषय असलेल्या माणसाने म्हटलं आणि कुणी हरकत घेतली नाही, तर ते न करण्याचं ठरलं, म्हणून 'ठ'. ज्या कल्पनेवर कुणी काहीच बोललं नाही ती मात्र नाकारलेली नसते, ती 'क' म्हणूनच राहते. हा फरक न पाळल्यास चांगल्या कल्पना गुपचूप मरतात.

आता उणिवा. बोलणाऱ्यांची नावं चुकली की पद्धत कोलमडते. दोघं एकदम बोलले की छोटासा 'हो' आधीच्या वक्त्याच्या नावावर जातो आणि स्वतःच्याच प्रस्तावाला स्वतःच होकार दिल्यासारखं दिसतं. तसं दिसलं की नाव चुकलंय असं समजून ऐकावं. चॅटमध्ये टाकलेला होकार, मान डोलावणं, स्क्रीनवर दाखवलेला तक्ता यातलं काही ट्रान्सक्रिप्टमध्ये येत नाही. 'मग तसंच करू' यातलं 'तसं' म्हणजे काय हे कधी कधी फक्त त्या तक्त्यावरून कळतं. आणि विषय कुणाच्या हातात आहे हेच ज्या गटात स्पष्ट नाही, तिथे दुसरी अट तपासताच येत नाही. सगळ्या ओळी 'क' आणि 'उ' मध्येच अडकतात.

यादी पाठवताना 'सगळं बरोबर आहे ना?' असं विचारू नये. लोक न वाचता हो म्हणतात. 'ठ' च्या ओळी मूळ वाक्यासह नुसत्या कळवाव्यात आणि 'अ', 'उ' व अध्याहृत ओळींवर एकेक थेट प्रश्न एकेका माणसाला विचारावा: 'नव्या फॉर्ममध्ये फोन नंबर ऐच्छिक ठेवायचा, हे मंजूर आहे का?' हे त्याच दिवशी पाठवलेलं बरं. दोन-तीन दिवस उलटले की प्रत्येकाला आपल्याला हवं तेच ठरल्यासारखं आठवायला लागतं आणि मग उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

तासाभराच्या मीटिंगला या कामाला साधारण पाऊण तास जातो. रोजच्या छोट्या आढावा-बैठकींसाठी एवढा वेळ घालवणं आम्हाला पटत नाही. तिथे शेवटी निर्णय मोठ्याने वाचून दाखवणं पुरतं. पण पाच-सहा माणसं, मोकळी चर्चा आणि त्यावर लगेच सुरू होणारं काम असेल, तर हा पाऊण तास आम्ही आता वगळत नाही.