फिल्टर व्ह्यू: फराळाच्या ऑर्डरींचा एक तक्ता आणि घरातली चार माणसं

आमचा गिरगावात घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. सासूबाई आणि मदतीच्या दोन मावशी स्वयंपाकघर सांभाळतात. ऑर्डरी मी घेते, डबे पोचवायला धाकटे दीर आणि भाचा जातात आणि पैशांचा हिशोब ठाण्याला राहणारी नणंद ठेवते. सगळ्यांचं काम गूगल शीट्सच्या एकाच तक्त्यावर चालतं. नवरात्रापासून आम्ही त्यात फिल्टर व्ह्यू वापरतोय, म्हणजे एकच तक्ता ज्याने त्याने आपल्याला हवा तसा लावून आणि गाळून बघायची सोय. दिवाळी गेली, लग्नसराई गेली, आता पापड-कुरडयांच्या ऑर्डरी सुरू झाल्यात. इतक्या महिन्यांत काय जमलं आणि कुठे अडलो, ते लिहिते.

सुरुवात एका गोंधळापासून झाली. आधी आम्ही साधं फिल्टर वापरायचो, म्हणजे Data मेनूतलं Create a filter. हे फिल्टर अख्ख्या शीटला एकच असतं. नणंदेने ठाण्यात बसून नावांप्रमाणे A ते Z लावलं की इकडे गिरगावात आमच्या ओळीही तशाच हलायच्या. दीर निघण्यापूर्वी लॅपटॉपवर बघून वहीत पत्ते उतरवतात. त्यांच्या डोळ्यांदेखत यादी वरखाली व्हायची आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

पण खरा घोळ झाला तो शेऱ्यांचा. फिल्टर लावलं तेव्हा तक्त्यात तारीख ते पोचली असे आठच कॉलम होते, A ते H. मग मी शेवटी ‘शेरा’ हा नववा कॉलम वाढवला, पण फिल्टरची रेंज वाढवायची राहिली. सॉर्ट केल्यावर रेंजमधले आठ कॉलम एकत्र हलले आणि शेरे जागच्या जागी राहिले. सासूबाई यादी वाचत होत्या. एका ओळीवर थांबून म्हणाल्या, “बेसनाच्या लाडवांपुढे ‘शेंगदाणे नकोत, अॅलर्जी आहे’ असं कशाला लिहिलंयस गं?” तो शेरा पोह्यांच्या चिवड्याच्या ऑर्डरीचा होता आणि चिवड्याच्या ओळीत आता कुणाचा तरी ‘गेटवर द्या’ आला होता. शेंगदाण्यांचा चिवडा त्या घरी गेला असता तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. शेवटी File मधल्या Version history मधून सॉर्टच्या आधीची प्रत परत आणली. पण जुनी प्रत आणली की त्यानंतरच्या सगळ्या नोंदी जातात, त्यामुळे मधल्या काळात आलेल्या नऊ ऑर्डरी मला व्हॉट्सअॅपवरून शोधून पुन्हा टाकाव्या लागल्या.

त्याच रात्री साधं फिल्टर काढून टाकलं आणि Data > Create filter view घेतलं. व्ह्यू उघडला की वरच्या कॉलमांची आणि डावीकडच्या ओळींची पट्टी गडद होते. ही खूण मी घरात सगळ्यांना पहिल्यांदा शिकवली. पट्टी गडद दिसत असेल तर खुशाल सॉर्ट करा, नसेल तर हात लावू नका. व्ह्यूमध्ये लावलेला क्रम फक्त तो व्ह्यू उघडणाऱ्याला दिसतो, मूळ ओळी आपल्या जागीच असतात. व्ह्यूला नाव देऊन Save view केलं की तो Data > Change view खाली सापडतो. प्रत्येक व्ह्यूची वेगळी लिंकही असते. पत्त्याच्या शेवटी `fvid=` आणि पुढे एक आकडा दिसतो. ज्याची त्याची लिंक मी ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर बुकमार्क करून दिली.

सासूबाईंना शीटमध्ये काही बदलायचं नसतं, म्हणून त्यांना फक्त बघण्याची परवानगी दिली आहे. तरीही त्या माझ्या हातचा ‘स्वयंपाकघर’ हा व्ह्यू उघडू शकतात. त्यात तारखेप्रमाणे ऑर्डरी लागतात आणि पोचलेल्या दिसत नाहीत. त्यांना स्वतः काही गाळून बघावंसं वाटलं, समजा फक्त चकल्या, तर त्यांचा व्ह्यू तात्पुरता बनतो. तो सेव्ह होत नाही आणि दुसऱ्या कुणाला दिसतही नाही. किती भाजणी दळून आणायची हे त्या आता मला न विचारता काढतात.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मात्र असं काही झालं की फिल्टर व्ह्यू नीट समजून घ्यावाच लागला. दीर पश्चिम रेल्वेवरचे डबे नेतात आणि भाचा मध्य रेल्वेवरचे. मी ‘भाग’ या कॉलमवर Filter by values घेतलं. दिरांच्या व्ह्यूमध्ये ठाणे, मुलुंड, डोंबिवली यांच्या खुणा काढल्या आणि भाच्याच्या व्ह्यूमध्ये दादर, पार्ले, बोरिवली यांच्या. पंधरा दिवस सुरळीत चाललं. मग कल्याणची पहिली ऑर्डर आली. ती दोघांच्याही यादीत दिसली, दोघांनीही ती आपली समजली आणि आधी निघालेले दीर तो डबा बोरिवलीच्या गाडीत घेऊन बसले.

कारण असं, की या प्रकारच्या फिल्टरमध्ये काय दाखवायचं हे साठवलं जात नाही, काय लपवायचं ते साठवलं जातं. दिरांच्या व्ह्यूला ‘ठाणे, मुलुंड, डोंबिवली लपव’ एवढंच माहीत होतं. कल्याण हे नाव दोन्ही व्ह्यूंच्या लपवायच्या यादीत नव्हतं, म्हणून ते दोन्हीकडे उगवलं. ‘ठाणे’च्या पुढे चुकून एक स्पेस पडली तरी हेच होतं, कारण शीटच्या लेखी ते नवं नाव ठरतं. आपल्या यादीत भलतंच गाव दिसायला लागलं की आधी हेच तपासावं.

यावर उपाय म्हणून ‘भाग’च्या शेजारी ‘लाइन’ असा कॉलम टाकला. त्यात Insert > Dropdown वापरून पश्चिम आणि मध्य असे दोनच पर्याय ठेवले आणि Reject the input निवडलं, म्हणजे तिसरं काही लिहिताच येत नाही. मग दोघांच्या व्ह्यूमधलं Filter by values काढून Filter by condition मध्ये Text is exactly घेतलं आणि पुढे ‘पश्चिम’ किंवा ‘मध्य’ लिहिलं. आता नवं गाव कुठलंही येवो, ते एकाच यादीत जातं.

मात्र याची दुसरी बाजू लगेच कळली. घाईत मी एका ऑर्डरीची लाइन भरायलाच विसरले आणि ती ओळ कुणाच्याच यादीत आली नाही. आधीचा डबा दोघांकडे दिसला होता, हा एकाकडेही नाही! गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा समजलं. म्हणून ‘वाली नसलेल्या’ नावाचा आणखी एक व्ह्यू केला. त्यात लाइन रिकामी आणि गिऱ्हाइकाचं नाव भरलेलं, म्हणजे Is empty आणि Is not empty, अशा दोन अटी आहेत. रोज रात्री झोपण्यापूर्वी मी तो उघडते आणि रिकामा दिसला की लॅपटॉप मिटते. माझ्या मते आमच्या सगळ्या व्ह्यूंमध्ये हाच सर्वांत मोलाचा आहे.

नणंदेला फक्त येणं बाकी असलेली बिलं हवी असतात. लाइनचा कॉलम मध्ये आल्यावर आता बिल G मध्ये आणि जमा H मध्ये आहे. तिच्या व्ह्यूमध्ये Custom formula is घेऊन हे लिहिलं:

```
=$H2<$G2
```

यातला 2 म्हणजे शीर्षकाखालची पहिली ओळ. शीर्षक तिसऱ्या ओळीत असेल तर इथे 4 लिहायचं. आकडा चुकला तर एका गिऱ्हाइकाची थकबाकी बघून शेजारचंच गिऱ्हाईक यादीत येतं, आणि यादी वरवर पाहता ठीकच वाटते. दोन-तीन ओळी हाताने पडताळूनच विश्वास ठेवा. दुसरं म्हणजे बिल ‘1200/-’ असं लिहिलं तर शीट त्याला मजकूर समजतं. मग पूर्ण पैसे आले तरी ते गिऱ्हाईक थकबाकीत दिसत राहतं. असा आकडा सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसतो, त्यावरून तो ओळखता येतो.

बेरजेच्या बाबतीत तिची निराशा झाली. तळाशी SUM होता आणि व्ह्यू बदलला तरी त्याचा आकडा तोच राहायचा. सेलमधली किंमत सगळ्यांसाठी एकच असते, ती प्रत्येकाच्या व्ह्यूप्रमाणे वेगळी होत नाही. म्हणून बेरजा वेगळ्या पानावर नेल्या आणि तिथून ऑर्डरींचं पान वाचतो:

```
=SUMIFS('ऑर्डरी'!G2:G,'ऑर्डरी'!F2:F,"पश्चिम")
```

घरातल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. व्ह्यू फक्त क्रमापुरता आणि दिसण्यापुरता आपला असतो, सेल सगळ्यांच्याच असतात. भाच्याला वाटलं की आपल्या व्ह्यूमध्ये पोचलेली ओळ पुसली तर ती फक्त आपल्याकडून जाईल. ती सगळ्यांकडूनच गेली. आता तो फक्त ‘पोचली’च्या चौकोनात खूण करतो. तसंच, ज्याला एडिटचे हक्क आहेत तो दुसऱ्याच्या सेव्ह केलेल्या व्ह्यूच्या अटीही बदलू शकतो. म्हणून व्ह्यूंची नावं माणसांवरून किंवा कामांवरून ठेवली आहेत आणि मला काही वेगळं बघायचं असेल तर मी दिरांच्या व्ह्यूची Duplicate करून त्यात बघते.

रेंजने पुन्हा एकदा त्रास दिला. सुरुवातीला डेटा निवडून व्ह्यू बनवले होते, ते 400 ओळींपर्यंतच होते. दिवाळीत ओळी त्यापुढे गेल्या आणि दिरांच्या यादीच्या तळाला मध्य रेल्वेच्या ऑर्डरी दिसू लागल्या, कारण रेंजबाहेरच्या ओळींना फिल्टर लागतच नाही. आता रेंज 2000 ओळींपर्यंत आहे आणि नवा कॉलम वाढवला की त्याच दिवशी प्रत्येक व्ह्यूची रेंज बघते.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर मात्र या शीटमध्ये ठेवत नाही. व्ह्यू बंद केला की कुणालाही सगळ्या ओळी दिसतात, त्यामुळे लपवून ठेवण्यासाठी त्याचा उपयोग नाही. नंबरांची फाइल वेगळी आहे, ती फक्त मला आणि दिरांना उघडता येते.

परवा नणंद नावांप्रमाणे थकबाकी लावून बसली होती. त्याच वेळी सासूबाई तारखेप्रमाणे कुरडया मोजत होत्या आणि दीर वहीत पार्ल्याचे पत्ते उतरवत होते. कुणाचीही ओळ हलली नाही.